मखमल की ब्लॅकआउट अस्तर? रात्रपाळी आणि पूर्वेची खिडकी

«मी नाशिकमध्ये एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. महिन्यातले निम्मे दिवस नाईट ड्युटी असते, रात्री आठ ते सकाळी आठ. घरी येऊन आंघोळ-नाश्ता उरकून साडेनऊला आडवी होते आणि अकरा-साडेअकराला टक्क जागी. बेडरूमची खिडकी पूर्वेला आहे, पाच फूट रुंद, चार फूट उंच, अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग. सध्या फिक्या पिवळ्या कॉटनचे रिंगवाले पडदे आहेत, ऊन थेट पलंगावर येतं. दुकानदार म्हणतो जाड मखमल घ्या, साडेपाचशे रुपये मीटर, काळोख होईल. जाऊबाई म्हणतात, आहेत त्याच पडद्यांना अडीचशे रुपये मीटरवालं ब्लॅकआउट अस्तर शिवून घे. पण ते रबरासारखं असतं आणि त्यानं उकडतं, असंही त्याच सांगतात. यजमान म्हणतात, खोलीची गुहा करू नकोस, मुलगा संध्याकाळी तिथेच अभ्यासाला बसतो. जितकं जाड तितका अंधार, एवढंच मला कळतं. काय घेऊ?»
एक वाचक, नाशिक

ताई, कापड घ्यायच्या आधी एक बिनपैशाचं काम करून बघा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाबाहेर फ्रिजचे, वॉशिंग मशीनचे रिकामे खोके पडलेले असतात. दोन खोके घरी आणा, खिडकीच्या मापाचा पुठ्ठा कापा आणि पुढच्या नाईटच्या आठवड्यात तो काचेवर सगळ्या कडांनी चिकटपट्टीनं लावून टाका. दिसायला ओंगळ दिसेल, पण चार-पाच दिवसांत तुम्हाला खात्रीनं कळेल की अकरा वाजता तुम्हाला उजेड उठवतो की दुसरं काही. उन्हानं तापणारी खोली, खालच्या मजल्यावरचं मिक्सर, कुरिअरवाल्याची बेल, शिफ्टमध्ये पहाटे पाचला घेतलेला चहा, यांतलं काहीही माणसाला अकराला जागं करू शकतं. शिवाय सकाळ चढेल तसं शरीराचं तापमान वाढतं आणि आतलं घड्याळ जागं राहायला सांगू लागतं. त्यामुळे खोली कितीही अंधारी केली तरी दिवसाची झोप रात्रीपेक्षा थोडी कमीच भरते. पुठ्ठा लावून तुम्ही दीड-दोनपर्यंत झोपलात, तर पडद्यावर खर्च करण्यात अर्थ आहे. तरीही अकरालाच जाग आली, तर मखमलीचे पैसे वाचवा आणि आवाज, उकाडा, चहाची वेळ यांच्याकडे बघा.

पुठ्ठ्यानं फरक पडला असं धरून पुढचं लिहिते.

जाडीवरचा तुमचा विश्वास बहुतेकांचा असतो, आणि दुकानदारांना तो सोयीचाही असतो, कारण जाड कापड महाग असतं. पण कापडातून उजेड येतो तो धाग्यांच्या मधल्या फटींतून आणि फिक्या धाग्यांच्या आरपार. जाडीनं त्या फटी बुजतातच असं नाही. मखमलीचा तुकडा हातात घ्या आणि केसाळ बाजू वर ठेवून बोटावर घट्ट वाकवा. केसांच्या ओळी फाकतील आणि मधून खालचं विणलेलं जाळं दिसेल. जाडी आहे ती त्या उभ्या केसांची. तळाचं कापड पुष्कळदा साध्या पॉपलिनहून घट्ट नसतं. गडद निळी किंवा मरून मखमल बराच उजेड खाते, हे खरं. पण तीच मखमल क्रीम रंगात घेतली तर पूर्वेच्या उन्हात अख्खा पडदा दिव्याच्या शेडसारखा उजळतो. जाड खादी, ज्यूट, शनील यांचंही तेच. ज्यूट तर हाताला सगळ्यांत जाड लागतो आणि उजेड सगळ्यांत जास्त सोडतो.

ब्लॅकआउट म्हणून बाजारात जे विकलं जातं त्यात दोन वेगळ्या जाती आहेत. एक विणलेली. पुढच्या आणि मागच्या धाग्यांच्या मध्ये काळ्या धाग्याचा थर विणलेला असतो; कापडाची कापलेली कड उसवली की ते काळे धागे सुटे होतात. हे मऊ असतं, छान पडतं, मशीनमध्ये धुता येतं, आणि तयार रिंगवाले ‘ब्लॅकआउट’ पडदे बहुतेक याचेच असतात. गडद रंगात ते पुष्कळ उजेड अडवतं, फिक्या रंगात तेवढं नाही, आणि पूर्ण अंधार कुठल्याच रंगात देत नाही. जाणते विक्रेते याला डिमआउट म्हणतात. बाकीचे सरसकट ब्लॅकआउट म्हणतात.

दुसरी जात लेप दिलेली, म्हणजे तुमच्या जाऊबाई म्हणतात ते अस्तर. साध्या पांढऱ्या कापडावर अ‍ॅक्रिलिकच्या फेसाचे तीन थर चढवलेले असतात: पांढरा, काळा, पुन्हा पांढरा. म्हणून त्याला थ्री-पास म्हणतात. उजेड अडवतो तो मधला काळा थर. बाहेरचे पांढरे थर तो झाकतात आणि ऊन परत फेकतात. ताजी कापलेली कड उजेडात धरून बघा, दोन पांढऱ्या थरांत पेन्सिलीनं ओढावी तशी काळी रेघ दिसते. ती रेघ नसेल तर ते काळ्या थराशिवायचं अस्तर आहे. ते ऊन मंद करतं, अंधार करत नाही, आणि दुकानात दोन्ही गठ्ठे शेजारीशेजारी ठेवलेले असतात.

दुकानात मोबाइलचा टॉर्च लावा, कापडाच्या मागे अगदी टेकवून धरा आणि दुकानदाराला वरचे दिवे घालवायला सांगा किंवा कोपऱ्यात जा. मखमलीतून एक धूसर गोल दिसेल. विणलेल्या ब्लॅकआउटमधून गडद रंगात अगदी अंधुक डाग दिसेल. चांगल्या थ्री-पास अस्तरातून काहीच दिसू नये. मग कापड दोन्ही हातांनी ताणून पुन्हा बघा, कारण लेप कच्चा असेल तर ताणल्यावर सुईच्या टोकाएवढे ठिपके चमकू लागतात. असं कापड अडीचशेला काय, शंभरलाही घेऊ नका. नाकाजवळ धरून वासही घ्या. उग्र रबरी वास असलेलं कापड बंद खोलीत तापल्यावर डोकं उठवतं.

आता किती उजेड अडला म्हणजे पुरे, याचा अंदाज हवा. झोपेच्या आणि शरीरघड्याळाच्या अभ्यासकांच्या एका गटानं 2022 साली शिफारस छापली: झोपण्याच्या जागी डोळ्यांशी उजेड 1 लक्सच्या आत असावा; लक्स हे उजेड मोजायचं एकक. तो मोजायचा कसा, तर निळसर उजेडाला जास्त वजन देणाऱ्या मापानं, कारण डोळ्यातल्या ज्या पेशी मेंदूला ‘दिवस झाला’ असं कळवतात त्या निळ्याला सगळ्यांत जास्त दाद देतात. तुमच्या पलंगाशी साडेनऊला पडदा उघडा असताना हजारेक लक्स धरू. थेट ऊन पडलं तर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे हजारातला एकच भाग आत यायला हवा. नव्वद टक्के अडवणारं कापड शंभर लक्स ठेवतं, नव्याण्णव टक्के अडवणारं दहा. ऐकायला नव्वद आणि नव्याण्णव जवळजवळचे वाटतात, पण खोलीत उरणाऱ्या उजेडात दहापटीचा फरक आहे. घाबरून जाऊ नका, मिटलेल्या पापण्याही बराच उजेड अडवतात आणि पाच-सात लक्सपर्यंत आणलं तरी तुम्हाला फरक जाणवेल. मात्र ‘बराच अंधार’ आणि ‘पुरेसा अंधार’ यांत किती अंतर आहे ते यावरून कळतं, आणि गडद मखमल पहिल्यातच का थांबते तेही.

पण इथे दुकानदार आणि जाऊबाई दोघंही एक गोष्ट सोडून देतात. दोघंही कापडाबद्दल बोलतात, आणि चांगलं कापड लावलं तरी उरणारा बराचसा उजेड कापडाच्या बाहेरून, कडांच्या फटींतून येतो.

तुमची खिडकी 60 इंच बाय 48 इंच, म्हणजे 2880 चौरस इंच. रिंगवाला पडदा चौकटीएवढ्याच रॉडवर असेल, तर दोन्ही बाजूंना एकेक इंचाची फट धरा: 48 गुणिले 2, म्हणजे 96 चौरस इंच. वरच्या बाजूला रिंगांमुळे पडदा नागमोडी होतो आणि भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे राहतो. ती फट 60 गुणिले 2 धरली तरी 120. झाले 216 चौरस इंच, म्हणजे खिडकीच्या साडेसात टक्के जागा उघडीच. फटीतला उजेड तिरका येतो, भिंतीवर आपटून येतो, त्यामुळे आकडा अगदी असाच राहणार नाही. पण एवढं नक्की की शंभर टक्के उजेड अडवणारं कापड या रॉडवर टांगलंत तरी खोलीत डझनावारी लक्स उरतील. वरच्या फटीतून छतावर पडणारा तो पांढरा पट्टा आठवा. उताणं झोपलं की तोच डोळ्यासमोर येतो. म्हणून माझं मत असं: कापड थ्री-पास घ्या, आणि मखमलीतून वाचलेले पैसे कडा बुजवण्यावर घाला.

जाऊबाईंच्या सल्ल्यात एक दुरुस्ती. अस्तर तुमच्या पिवळ्या पडद्याला शिवू नका, वेगळं टांगा. शिवलं की सुई जिथे जिथे जाते तिथे लेपाला भोक पडतं आणि बंद खोलीत प्रत्येक शिलाई ताऱ्यांच्या रांगेसारखी चमकते. दुसरं, कॉटन धुतल्यावर आटतं आणि लेप दिलेलं अस्तर आटत नाही. दुसऱ्या धुण्यानंतर पडद्याला झोळ येतो. तिसरं कारण तुमच्या यजमानांसाठी. अस्तराचा पडदा मागे वेगळा असला, तर तुम्ही उठलात की तो बाजूला सारायचा आणि पुढे तेच पिवळे कॉटनचे पडदे राहतात. मुलाला संध्याकाळी नेहमीची खोली मिळेल, आणि डे ड्युटीच्या पंधरवड्यात मागचा पडदा उघडाच राहील. मखमल लावली असती तर ती बाराही महिने तोंडासमोर.

आता प्रत्यक्ष काम. सुताराकडून 76 इंच लांब, 5 इंच रुंद अशी प्लायची फळी घ्या. खिडकीच्या वर 6 इंचांवर, दोन्ही बाजूंना चौकटीच्या पुढे 8-8 इंच जाईल अशी, तीन-चार लोखंडी एल अँगलवर ती भिंतीला आडवी ठोका. फळीच्या खालच्या अंगाला, भिंतीपासून साधारण 3 इंचांवर पडद्याचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रॅक लावा. अस्तराचा पडदा या ट्रॅकवर हुकांनी लटकेल, आणि वर जाणारा उजेड फळीच अडवेल. जुन्या घरांत पडद्याच्या वर लाकडी पेल्मेट असायचे, त्यांनी हेही काम व्हायचं. स्टीलच्या रॉडची फॅशन आली आणि ते गेले. फळीच्या मागच्या कडेला भिंत वाकडीतिकडी असेल तर फटीत फोमची पट्टी किंवा थोडं फिलर भरून घ्या. तुमचा सध्याचा रॉड फळीच्या पुढे येईल असे लांब ब्रॅकेट घ्या, त्यावर पिवळे पडदे.

अस्तराचं गणित असं. ट्रॅक 76 इंच. दोन्ही टोकांना पडदा वळून भिंतीला टेकला पाहिजे, त्याचे 4 अधिक 4. मधे दोन पडदे एकमेकांवर 4 इंच चढले पाहिजेत. एकूण 88. थ्री-पास अस्तर 54 इंच पन्ह्यात सहज मिळतं. दोन पन्हे घेतले, बाजूंची दुमड वजा केली, की प्रत्येकी 52, मिळून 104 इंच. म्हणजे चुण्या जवळजवळ नाहीतच. शिंपी नाक मुरडेल, ‘मॅडम, घेर कमी पडतो, तीन पन्हे लावा’ म्हणेल. ऐकू नका. तिसरा पन्हा घेतला की तो मधून कापून दोन्ही पडद्यांना जोडावा लागतो, आणि प्रत्येक पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक उभी शिलाई, म्हणजे भोकांची एक उभी रांग येते. घेर शोभेसाठी असतो आणि शोभेचं काम पुढचं कॉटन करतंच आहे. मागचा पडदा जितका सपाट तितका बरा.

लांबी: खिडकी 48, वर 6, खाली 8, म्हणजे 62 इंच. वरची पट्टी आणि खालची दुमड यांचे 8 धरून 70. दोन पडद्यांचे 140 इंच, साडेतीन मीटरला जरा जास्त. पावणेचार मीटर घ्या. तुम्ही लिहिलेल्या दरानं हे साधारण साडेनऊशे रुपयांचं कापड झालं. मखमलीला चांगला घेर द्यायचा तर चार पन्हे लागतात, सातेक मीटर, म्हणजे पावणेचार ते चार हजार. मधल्या फरकात फळी, ट्रॅक, हुक आणि शिलाई बहुधा बसून जातील.

शिंप्याला तीन गोष्टी सांगा. रिंगा पाडायच्या नाहीत, वर टेप लावून हुक घालायचे. शिलाई फक्त कडांना, मधे कुठेही टाका नको, आणि टाचणी तर मुळीच नको, कारण टाचणीचं भोक बुजत नाही. पांढरी गुळगुळीत लेपाची बाजू काचेकडे राहील अशी दुमड घालायची. खालच्या दुमडीत बारीक साखळी किंवा शिशाची दोरी टाकली तर वाऱ्यानं पडदा फडफडणार नाही.

पडदे लावल्यावर बाजूंकडे लक्ष द्या. टोकाचा हुक ट्रॅकवर न ठेवता फळीच्या टोकाशी, भिंतीलगत एक छोटा आकडा ठोकून त्यात अडकवा, म्हणजे पडदा वळून भिंतीला लागेल. खालपर्यंत चिकटून राहावा म्हणून कडेला वेल्क्रो लावता येतो: मऊ पट्टी पडद्याच्या कडेच्या दुमडीवर शिवायची, खरखरीत पट्टी भिंतीवर. भिंतीला ऑइल पेंट असेल तर चिकटणारी पट्टी टिकेल. डिस्टेंपर असेल तर पहिल्याच पावसाळ्यात ती रंगाच्या भुकटीसकट हातात येईल; तिथे पट्टी लाकडाच्या बारीक बीडिंगवर लावून बीडिंग स्क्रूनं बसवा. मधल्या चार इंचांच्या जोडावर झोपताना एक कपड्यांचा चिमटा लावला तरी चालतं. खालून येणारा उजेड फारसा त्रास देत नाही, तो जमिनीवर पडतो, पण पलंगाचं डोकं खिडकीखालीच असेल तर लांबी अजून फूटभर वाढवा.

मग परीक्षा. सकाळी नऊ-दहाला, बाहेर लख्ख ऊन असताना सगळं लावून पलंगावर पडा आणि निदान दहा मिनिटं काही करू नका, मोबाइलही नको. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. लगेच बघितलं तर खोली काळीकुट्ट वाटते आणि फसवते. दहा मिनिटांनी हात डोळ्यांसमोर धरा. बोटं मोजता आली तर कुठून तरी उजेड येतोय. उठू नका, पडूनच बघा कुठून येतोय, कारण झोपेत डोळे जिथे असतात तिथूनच शोधायचं आहे. बहुतेक वेळा आधी दाराखालची फट सापडते, मग अ‍ॅटॅच्ड बाथरूमचा व्हेंटिलेटर, मग राउटरचा निळा दिवा. दाराखाली गुंडाळलेला टॉवेल, बाथरूमचं दार बंद, राउटरवर काळ्या टेपचा तुकडा. एवढं करूनही थोडं उरलं तर वर डोळ्यांची पट्टी बांधा. नुसत्या पट्टीवर दिवस काढणाऱ्या नर्स पुष्कळ आहेत, पण ती कुशीवर वळलं की सरकते आणि उकाड्यात घामेजते; अंधाऱ्या खोलीत ती शेवटची कसर भरून काढायला ठीक.

उकाड्याबद्दल जाऊबाई अर्ध्या बरोबर आहेत. लेपाच्या कापडातून हवा जात नाही. मात्र खोली तापते ती अस्तरामुळे नाही, काचेतून आत आलेल्या उन्हामुळे, आणि त्या बाबतीत मखमल जास्त वाईट: गडद कापड ऊन पिऊन तापतं आणि खोलीत हीटरसारखं लटकतं. पांढरी बाजू काचेकडे असलेलं अस्तर त्यातलं काही ऊन काचेबाहेर परत पाठवतं. काहीच; बाकीची उष्णता काच आणि पडद्याच्या मधे अडकून हळूहळू आत येते. एप्रिल-मेमध्ये खरा आराम हवा असेल तर ऊन काचेला लागायच्या आधीच अडवा. खिडकीच्या बाहेर, ग्रिलला, बांबूची चिक किंवा नर्सरीतलं हिरवं जाळीचं कापड बांधा. त्याचा दुहेरी फायदा होतो, थेट ऊन तुटल्यानं पडद्यावरचा भारही कमी होतो. झोपताना स्लायडिंगचा एक पल्ला चार बोटं उघडा ठेवा, साखळीमुळे पडदा जागेवर राहील, आणि पंखा चालू ठेवा. आवाजाबाबत मात्र दुकानदाराचं मखमलीचं कौतुक ऐकून घेऊ नका. जाड पडद्यानं खोलीतला घुमणारा आवाज थोडा मऊ होतो, रस्त्यावरचा हॉर्न अडत नाही.

तुमच्यासारखीच पत्रं भाड्याच्या घरांतूनही येतात, जिथे भिंतीला भोक पाडायची परवानगी नसते. त्यांना फळी-ट्रॅक जमणार नाही. त्यांनी गडद रंगाचा विणलेला तयार ब्लॅकआउट पडदा खिडकीपेक्षा फूटभर रुंद आणि लांब घ्यावा, आहे त्याच रॉडवर टांगावा, आणि काचेवर आतून कापलेला थर्माकोल किंवा पुठ्ठा फक्त नाईटच्या आठवड्यात दाबून बसवावा. घर सोडताना दोन्ही गुंडाळून नेता येतात. ज्यांची खिडकी उत्तरेला आहे, किंवा समोर दुसरी इमारत चिकटून आहे, त्यांना गडद विणलेला पडदा आणि वर झाकणारी फळी एवढंही पुरतं. थ्री-पासची गरज थेट उन्हाच्या खिडकीला जास्त. पश्चिमेच्या खिडकीवाल्यांना सकाळी काहीच जाणवत नाही आणि दुपारी एकनंतर ऊन येऊन उठवतं, त्यांनी वरची परीक्षा दुपारी दोनला घ्यावी.

शेवटी अस्तराची निगा, कारण यातच लोक ते वाया घालवतात. वॉशिंग मशीन, ड्रायर आणि ड्रायक्लीन तिन्ही नकोत. लेपाला तडे जातात आणि तड्यांतून उजेड येतो. महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं दोन्ही बाजू पुसा. वर्षातून एकदा टबात थंड पाण्यात सौम्य साबणानं हलकेच बुचकळा, पिळू नका, उभंच टांगून सावलीत वाळवा. इस्त्री करायचीच तर कापडाच्या बाजूनं, कोमट, मधे सुती कापड ठेवून. लेपाच्या दोन बाजू एकमेकींवर घडी करून कपाटात ठेवू नका, उन्हाळ्यात त्या चिकटतात आणि सोडवताना थर निघतो. डे ड्युटीच्या दिवसांत पडदा काढायचा असेल तर नळीवर गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात ओलसर भिंतीला टेकलेल्या कडेवर काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा आणि एखादी दुपार वेल्क्रो उघडा ठेवून कड वाळू द्या. लेप उन्हानं काही वर्षांत कडक होऊन झडू लागतोच. दर पावसाळ्यानंतर एकदा रात्री काचेकडून टॉर्च मारून बघा. ठिपके हाताच्या पंज्याएवढ्या जागेत असतील तर मागून कापडी चिकटपट्टी लावून भागेल, सगळीकडे पसरले असतील तर तेवढं अस्तर बदला. फळी, ट्रॅक आणि हुक तेच राहतात, पुन्हा फक्त पावणेचार मीटर कापड लागतं.